बाराची हद्द

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाची नोकरी दर जूनला नव्यानं ठरते. नेमणूक पुन्हा मिळणार की नाही, हे विभागप्रमुखांच्या एका सहीवर असतं. मी मार्गासनीहून निघायचे, कापूरहोळला एसटी बदलायचे आणि भोरच्या कॉलेजात गणिताचे तास घ्यायचे. सहा वर्षं झाली होती. घरी भातशेती, सासू-सासरे, दोन मुलं. नोकरी माझ्या एकटीची नव्हती, एवढं सांगितलं म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. माफ करायला नव्हे.

त्या वर्षी प्रथम वर्षाच्या वर्गात वेल्ह्याकडच्या पासली गावाच्या वरच्या अंगाची एक मुलगी होती. घरी शेळ्या-मेंढ्या. डोंगरावरच्या वस्तीतून रोज भोरला येणं शक्यच नव्हतं, म्हणून ती मुलींच्या वसतिगृहात राहायची. मागच्या बाकावर बसायची, फारसं बोलायची नाही. वहीत मात्र मी फळ्यावर लिहिलेलं उतरवून झालं की त्याच्याखाली स्वतःचं काहीतरी मांडलेलं असायचं.

बहुपदीच्या मुळांची हद्द मी शिकवली तो दिवस मला नीट आठवतो. समीकरण सोडवता आलं नाही, तरी त्याची मुळं किती लांबवर असू शकतात हे नुसत्या सहगुणकांवरून सांगता येतं, हे ऐकून वर्गातल्या बऱ्याच जणांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. सगळं त्रिकोण असमानतेवर उभं आहे, मी म्हणाले. बेरजेचं केवल मूल्य हे केवल मूल्यांच्या बेरजेपेक्षा कधी मोठं नसतं. का ते कोण सांगेल?

मग मागून तिचा आवाज आला.

"म्याडम, माणूस फुडं चालंल, मागं चालंल. पर जेवढी पावलं टाकली त्याच्यापरीस लांब न्हाई जाऊ शकत."

पोरं हसली. मी हसले नाही. त्या वर्षात मला मिळालेलं ते सगळ्यात चांगलं उत्तर होतं आणि मी ते तिला तेव्हाच सांगितलं. ती खाली बघत राहिली.

सत्राच्या शेवटी परीक्षा झाली. पाच गुणांचा प्रश्न होता: x³ − 4x² + 3x − 5 = 0 या समीकरणाची सर्व वास्तव मुळं ज्या हद्दीच्या आत असतील अशी एक हद्द सहगुणकांवरून काढा आणि सिद्ध करा. प्रश्नपत्रिका आणि नमुना उत्तर सरांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, काढलं होतं. पहिल्या पदाचा सहगुणक एक असला की बाकीच्यांतला सगळ्यात मोठा घ्यायचा, चिन्ह सोडून, आणि त्यात एक मिळवायचा. इथे पाच आणि एक सहा. नमुना उत्तरात सहा होतं.

पेपर तपासायला माझ्याकडे आले. तिच्या उत्तरपत्रिकेत बारा होतं.

मी तिची मांडणी वाचली. तिनं लिहिलं होतं: x हे मूळ असेल तर x³ = 4x² − 3x + 5. दोन्ही बाजूंचं केवल मूल्य घेतलं, तर त्रिकोण असमानतेनं |x|³ हे 4|x|² + 3|x| + 5 पेक्षा जास्त नाही. आता |x| एक किंवा एकापेक्षा मोठं असेल, तर |x| आणि 1 हे दोन्ही |x|² पेक्षा जास्त नसतात. म्हणून उजवी बाजू 12|x|² च्या वर जात नाही. दोन्ही बाजूंना |x|² नं भागलं की |x| बाराच्या वर नाही. आणि |x| एकापेक्षा लहान असेल, तर ते बाराच्या आत आहेच.

कुठेही खोट नव्हती. एकापेक्षा लहान असण्याची बाजू वर्गातली हुशार म्हणवणारी पोरंही सोडून देतात. तिनं ती सोडली नव्हती. सहापेक्षा बारा ढगळ, हे खरं. पण प्रश्नात 'एक हद्द' म्हटलं होतं, सगळ्यात घट्ट हद्द नव्हे. त्या समीकरणाला वास्तव मूळ एकच आहे, तीन आणि चारच्या मधे. ते सहाच्याही आत आहे आणि बाराच्याही. मी पाचपैकी पाच दिले.

गठ्ठा सरांच्या टेबलावर गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. तिची उत्तरपत्रिका समोर उघडी होती.

"मॅडम, हे काय दिलंय तुम्ही? उत्तर सहा आहे."

"सर, तिची सिद्धता बरोबर आहे. पद्धत वेगळी आहे."

"पद्धत आपण शिकवली ती यायला हवी. उद्या कुणी शंभर लिहील. शंभरलाही द्याल पाच?"

सिद्ध केलं असेल तर देईन. हे उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. खिडकीतून बाहेर ग्राउंडवर पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांचा गलका ऐकू येत होता. सरांच्या हाताखाली एक निळी फाइल होती, तिच्यावर माझं नाव आणि पुढच्या वर्षाचा आकडा. कदाचित ती तिथे सहज पडली असेल. मला अजून ठरवता येत नाही.

"बघा काय ते. सही तुमची आहे," सर म्हणाले आणि लाल पेन माझ्याकडे सरकवलं.

मी पाचावर काट मारली, शून्य काढलं, बाजूला सही केली. सगळं मिळून अर्धा मिनिट.

निकाल लागला तेव्हा ती त्या विषयात तीन गुणांनी राहिली होती. वसतिगृहाचा नियम मला माहीत होता. सगळे विषय सुटले नाहीत तर पुढच्या वर्षी खोली मिळत नाही. उत्तरपत्रिका दाखवायच्या दिवशी ती माझ्याकडे आली. पान उघडून तिनं बोट ठेवलं.

"म्याडम, हितं काय चुकलं माजं?"

स्टाफरूममध्ये आणखी दोघंजण बसले होते. मी आवाज बारीक केला. "नमुना उत्तरात सहा आहे."

"व्हय, सहाबी येतंय. म्या कच्च्या पानावर केलंया. पर म्या म्हणलं बारा सोपं पडतंय समजायला." तिनं माझ्याकडे बघितलं. "बारा चुकीचं हाये का?"

चुकीचं नाही, एवढं मला म्हणता आलं. आणि मग मी म्हणाले, "मी सरांशी बोलते. तू काळजी करू नकोस."

तिनं मान हलवली आणि गेली. तिला खरं वाटलं, हे तिच्या चालण्यावरून दिसत होतं.

मी बोलले नाही. पहिले दोन दिवस सर बैठकीत होते. तिसऱ्या दिवशी ते मोकळे होते आणि मी त्यांच्या दारावरून दोनदा गेले. चौथ्या दिवशी गुणांबद्दल तक्रारीचा अर्ज करायची मुदत संपली. त्यानंतर मी तो विषय मनातून काढून टाकला असं नाही. तो नाही असं वागत राहिले. जूनमध्ये माझी नेमणूक झाली.

त्याच महिन्यात मी तिला भोरच्या एसटी स्टँडवर बघितलं. सोबत आई होती, डोक्यावर गाठोडं, आणि दोघींच्या मधे एक पत्र्याची ट्रंक. वेल्ह्याकडच्या गाडीची वाट बघत होत्या. ती आईला काहीतरी समजावून सांगत होती. मी रसवंतीच्या आडोशाला उभी राहिले. त्यांची गाडी लागेपर्यंत तिथेच थांबले आणि माझी स्वतःची गाडी सोडून दिली.

मग दोन वर्षं गेली. एका दुपारी कापूरहोळला गाडीला उशीर झाला म्हणून मी हायवेच्या कडेच्या एका ढाब्यावर चहाला बसले. आत चुलीपाशी तीन बायका भाकरी थापत होत्या. त्यातली एक उठून पाण्याचा जग घेऊन बाहेर आली. तीच होती. अंगानं वाळली होती, मनगटावर भाजल्याचे डाग होते.

"म्याडम," ती म्हणाली. जग टेबलावर ठेवला. "हितं कशा?"

मी बसायला सांगितलं, ती बसली नाही. वडील डोंगरावरून पडले, कमरेनं अधू झाले, असं तिनं सांगितलं. मेंढरं विकली. ती आणि आई आता इथंच जवळ खोली घेऊन राहत होत्या, वडिलांना घेऊन. सगळं ती दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं सांगत होती.

मी दोन वर्षं जे वाक्य मनात जुळवत होते, ते माझ्या तोंडून भलतंच निघालं. "तुझं उत्तर बरोबर होतं. पाचपैकी पाच दिले होते मी. मग मीच खोडले."

तिनं जग उचलून माझ्या ग्लासात पाणी ओतलं. हायवेवरून कंटेनर गेला, टेबलं हादरली.

"मला म्हाईत होतं बरूबर हाये ते," ती म्हणाली.

"मग अर्ज का नाही केलास? मुदत होती तेव्हा."

"तुमी म्हणला व्हता न्हवं, तुमी बोलता म्हणून."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला त्याला धरून काहीतरी बोलता आलं असतं. मी म्हणाले, बाहेरून परीक्षा देता येईल, मी फॉर्म आणते, पुस्तकं देते, रविवारी येऊन शिकवते.

"न्हाई म्याडम." तिनं फडक्यानं टेबल पुसायला घेतलं. माझ्यासमोरचाच भाग, पुन्हा पुन्हा. "वेळ न्हाई मिळत. आन् आता डोस्क्यात बी काय ऱ्हात न्हाई."

आतून कुणीतरी हाक मारली. ती गेली. नंतर चहा दुसऱ्याच बाईनं आणून दिला.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या खोलीत गेले. उभ्यानंच सगळं सांगितलं: ती सिद्धता, ते खोडणं, वसतिगृह, ढाबा. नेमणुकीचं काय व्हायचं ते होऊ दे, असं ठरवून गेले होते. सर रागावतील अशी माझी तयारी होती. ते रागावले नाहीत. चष्मा काढून त्यांनी कागदावर ते समीकरण मांडलं आणि बारापर्यंत आले. दोन ओळी परत तपासल्या.

"बरोबर आहे हो," ते म्हणाले. "तेव्हा तुम्ही लावून धरायला पाहिजे होतं."

निकाल आता बदलता येणार नाही, उत्तरपत्रिका नियमाप्रमाणे नष्ट झाल्या असतील, असंही त्यांनी सांगितलं. चालू वर्षीच्या परीक्षेच्या नमुना उत्तरात त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली: योग्य सिद्धतेसह दिलेली कोणतीही हद्द ग्राह्य धरावी. पुढे जूनमध्ये माझी नेमणूक पुन्हा झाली.

सरांशी बोलले त्याच्या पुढच्याच रविवारी मी पुस्तकं घेऊन ढाब्यावर गेले होते. मालक म्हणाला, त्या मायलेकी काम सोडून गेल्या, शिरवळकडं कुठल्यातरी कंपनीत लागल्यात बहुतेक. नंबर त्याच्याकडे नव्हता. मी थोडा वेळ तिथे बसले, मग पिशवी उचलून मार्गासनीची गाडी धरली.