शिवणाच्या बाईंचा संगणकाचा तास

शाळेतून शिवणाचा तास गेला, तेव्हा शिवणाच्या बाईंना निवृत्तीला दोन वर्षं होती. रिकाम्या बसणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. जावयाकडून कोडिंग शिकल्या आणि सातवीच्या मुलींना शिकवायचं ठरवलं. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "शुक्रवारी मी बघायला येईन. जमलं तर ठीक, नाहीतर तो तास कवायतीला."

कवायतीचा सर म्हणजे मीच. खोटं कशाला बोलू, मला तो तास हवा होता.

गुरुवारी बाई सॉफ्टवेअर बसवायला गेल्या, तर संगणकाने अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला. संगणकाचे सर प्रशिक्षणाला गेलेले. बाईंनी फोन लावला.

"पासवर्ड लागणार नाही," सर म्हणाले. "फक्त आपल्या खात्यापुरतं बसणारं इन्स्टॉलर इंटरनेटवरून घ्या, माझी परवानगी आहे. पेन ड्राइव्ह मात्र नको, शाळेत बंदी आहे."

बाईंनी दहाही संगणकांवर ते बसवलं. मुलींनी भरतकामाचं फूल काढणारा प्रोग्राम चालवून पाहिला आणि सगळ्या खुशीत घरी गेल्या.

शुक्रवारी सकाळी मीही बघायला गेलो. संगणक चालू केले, तर सगळं साफ! आमचे संगणक पुन्हा चालू झाले की मूळ स्थितीत जातात, आदल्या दिवसाचं काहीच उरत नाही. सर हे सांगायला विसरले होते. एक मुलगी रडायलाच लागली. मला वाईट वाटलं, आणि तासाची हाव धरल्याची लाजही. अडीअडचणीसाठी सरांनी पासवर्डाची चिठ्ठी माझ्याकडे ठेवली होती. मी ती पुढे केली.

"ठेवा ती खिशात," बाई म्हणाल्या. "विश्वासाने दिलीय तुम्हाला. शिवाय पासवर्डाने बसवा नाहीतर कालच्यासारखं, उद्या पुन्हा पुसलंच जाणार. अगं, रडतेस काय? उसवलं तर पुन्हा शिवायचं. वह्या काढा!"

बाईंची जुनी शिस्त अशी की आधी कागदावर बेतायचं, मगच कापडाला कात्री लावायची. कोडिंगलाही तोच नियम. मुलींच्या वहीत प्रोग्रामची ओळन् ओळ होती. बाईंनी ब्राउझरमध्ये एक संकेतस्थळ उघडलं. तिथे कोड तिथल्या तिथे चालतो, काही बसवावं लागत नाही. मी एकेका मुलीला तिच्या वहीतल्या ओळी वाचून दाखवल्या आणि चुकीचं वाचलं की मुलींची बोलणी खाल्ली.

मुख्याध्यापिकाबाई आल्या तेव्हा नऊ पडद्यांवर फुलं उमलत होती. दहाव्यावर पाकळी वाकडी होती. त्या तिच्यापाशीच थांबल्या.

"ही अशी का?"

मघाशी रडणारी मुलगी वही उघडून म्हणाली, "कोन चुकलाय, बाई. थांबा, उसवते."

आकडा बदलला, फूल सरळ झालं. मुख्याध्यापिकाबाई हसल्या आणि माझ्याकडे वळल्या, "सर, तास यांचाच राहील. तुमची काही हरकत?"

"मुळीच नाही," मी म्हणालो, आणि मनापासून म्हणालो. शिवणाच्या बाईंनी खुर्चीवर बसून चष्मा पुसला. बराच वेळ पुसत राहिल्या.