अनुभवाच्या पत्राशिवाय गेलेला अर्ज

तिचं खरं नाव हजेरीपटावर असेल तेवढंच. बाकी सगळे तिला मेगर म्हणायचे. मोटर चालू करण्याआधी तिचं इन्सुलेशन शाबूत आहे का हे तपासायच्या यंत्राला मेगर म्हणतात, आणि ही बाई ते यंत्र लावल्याशिवाय कुठल्या मोटरला वीज दाखवायची नाही. गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं असो, ठेकेदार बोंबलत असो, हिचं आपलं एकच. "दोन मिनिटं थांबा. मोटर जळाली तर दोन दिवस थांबाल."

अशा बाईला पाच वर्षं राबवून घेतलं आणि ती निघाली तेव्हा ठेकेदाराने अनुभवाचं पत्र दिलं नाही. पत्र दिलं की माणूस जातो, हा त्या धंद्यातला अलिखित कायदा. कारागिराचा हात आपला आणि त्या हाताचा पुरावाही आपल्याच कपाटात, असं या लोकांना वाटतं. मेगर तीनदा मागायला गेली. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "तुला कशाला पत्र? लग्नात दाखवायचंय का?" तिने टेबलावरचं आपलं पक्कडांचं पाकीट उचललं आणि घरी आली. त्यानंतर ठेकेदाराच्या दुकानाची पायरी चढली नाही.

त्याच आठवड्यात बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्याची जाहिरात आली. मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन पाहिजे, कायम नोकरी, आयटीआय आवश्यक, पाच वर्षांचा अनुभव, अर्ज ईमेलने. ठेकेदाराच्या हाताखाली पुन्हा जायचं नाही एवढं तिने ठरवलं होतं. म्हणजे ही एकच वाट होती, आणि वाटेच्या तोंडावरच पत्र नावाचा धोंडा.

तिची ताई अर्ज भरून द्यायच्या दुकानात बसायची. दिवसाला चाळीस माणसांचे अर्ज तिच्या बोटांखालून जायचे आणि चाळीसही जण मेहनती, प्रामाणिक आणि कोणत्याही परिस्थितीत काम करण्यास तयार निघायचे. दुपारी दुकान रिकामं झाल्यावर तिने मेगरला शेजारच्या स्टुलावर बसवलं.

"तयार मजकूर आहे माझ्याकडे. नाव बदलायचं, झालं."

"वाच."

ताईने वाचला. आपल्या नामांकित कंपनीत सेवेची संधी मिळाल्यास मी स्वतःला भाग्यवान समजेन, वगैरे.

"मोटर लिहिलेलं नाही कुठे. स्टार्टर नाही. हा अर्ज न्हाव्यालाही चालेल."

"चालतोच. गेल्या महिन्यात दिलाय एकाला."

"मग त्याला लखलाभ. मी सांगते ते टाइप कर. विषयात आधी पदाचं नाव, आणि काय काय जोडलंय ते. उघडणाऱ्याला शोधायला लावायचं नाही."

"बरं बाई. आणि पीएलसी, तो यंत्रं चालवणारा कंट्रोलर, येतो असं टाकू? सगळे टाकतात."

"येतो का मला?"

"नाही."

"मग?"

ताईने कपाळावर हात मारला आणि टाइप करायला लागली. मजकूर असा झाला:

"विषय: मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन पदासाठी अर्ज, सोबत तीन प्रमाणपत्रं.

सर, मी आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षं करून पास झाले. नंतर एक वर्ष अप्रेंटिसशिप केली, तिचं प्रमाणपत्र आहे. वायरमनचा परवाना आहे, मुदत अजून दोन वर्षं आहे. तिन्हींच्या प्रती जोडल्या आहेत, मूळ कागद बोलवाल त्या दिवशी आणेन.

पाच वर्षं एका विद्युत ठेकेदाराकडे काम केलं. ड्रॉइंग बघून डीओएल आणि स्टार-डेल्टा स्टार्टरचं पॅनल पूर्ण वायर करते. पन्नास अश्वशक्तीपर्यंतच्या मोटरी उघडून रिवाइंड केल्या आहेत. केबलला ग्लँड आणि लग लावणं, अर्थिंगचा रोध मोजणं, बंद पडलेल्या कंट्रोल सर्किटमधला दोष मीटरने शोधणं ही रोजची कामं. पीएलसीचा प्रोग्राम लिहिता येत नाही. इनपुट आला का, आउटपुट गेला का, हे त्याचे दिवे बघून सांगू शकते.

एक चूक माझ्या हातून झाली आहे. कामाच्या दुसऱ्या वर्षी मोटरच्या टर्मिनल बॉक्समधल्या जोडपट्ट्या न काढता मी स्टार-डेल्टा स्टार्टर जोडला. मोटर डेल्टात गेली, शॉर्ट झालं आणि मुख्य ब्रेकर धाडकन उडाला. तेव्हापासून बॉक्स स्वतः उघडून बघितल्याशिवाय मी स्टार्टरला हात लावत नाही.

अनुभवाचं पत्र नाही, कारण ठेकेदार ते देत नाही. ज्यांच्या मोटरी मी सुरू केल्या अशा तीन ठिकाणचे फोन खाली देत आहे, त्यांची परवानगी घेतली आहे. किंवा मला एक पॅनल आणि दोन तास द्या."

"चूक कोण लिहितं गं अर्जात?" ताईचं बोट बटणावरच थांबलं. "लोक लपवतात, तू जोडून पाठव!"

"ज्याला काम कळतं त्याला हे वाचून कळेल की मी खरंच केलंय. ऐकीव माणसाला ही चूक करताच येत नाही."

"आणि ज्याला कळत नाही त्याने वाचलं तर?"

हा प्रश्न मेगरलाही पडला होता. "तर माझं नशीब. पाठव."

ताईने फाइली लहान केल्या, प्रत्येकीला मेगरचं खरं नाव आणि प्रमाणपत्राचं नाव दिलं, पुन्हा एकदा उघडून बघितल्या आणि पाठवलं.

चौथ्या दिवशी एचआरच्या मॅडमचा फोन आला, गुरुवारी दहाला मूळ कागद घेऊन या. आईने डबा भरला, वर म्हणाली, "तोंड सांभाळ गं तिथे." "हात सांभाळते आई, तोंडाचं बघू," असं म्हणून ही निघाली.

मॅडमच्या खोलीत गार हवा होती आणि मॅडमच्या आवाजातही. त्यांनी तिन्ही कागद मुळाशी ताडून बघितले, ठीक आहेत म्हणाल्या, मग पेन खाली ठेवलं.

"तुमच्या ठेकेदाराचं नाव काढून मी फोन केला होता. ते म्हणाले, तुम्ही हेल्पर होतात. सामान उचलून द्यायचात."

आईचा डबा मांडीवर होता, तो मेगरने घट्ट धरला.

"मॅडम, त्यांना विचारलंत का, त्यांच्याकडे पॅनल वायर कोण करायचं?"

"ते आमचं काम नाही. फॉर्मात अनुभवाच्या पत्राचा रकाना आहे. तो रिकामा असेल तर फाइल पुढे जात नाही."

"मग फोन दिलेत त्या तिघांना..."

"गिऱ्हाइकाचा शब्द चालत नाही."

ती उठणार इतक्यात दारात मेंटेनन्सचे इंजिनिअर साहेब उभे राहिले. हातात तिच्या ईमेलची छापील प्रत, जोडपट्ट्यांच्या परिच्छेदाखाली पेनाची रेघ.

"हे लिहिणाऱ्या तुम्ही? चला. मॅडम, रकाना दोन तास राहू दे रिकामा."

टेस्ट बेंचवर तीन कॉन्टॅक्टर, एक टायमर, एक रिले आणि कोपऱ्यात मोटर. तिने आधी मोटरचा बॉक्स उघडून बघितला, मग मेगर मागितला, मग वायर कापायला घेतली. स्टार आणि डेल्टा एकाच वेळी लागू नयेत म्हणून दोघांचं इंटरलॉक केलं, प्रत्येक टोकाला नंबर चढवला. तासाभरात मोटर स्टारात हळूच उठली, सहा सेकंदांनी डेल्टात पूर्ण जोरावर गेली. कारखान्याचे जुने इलेक्ट्रिशियन काका मागे हात बांधून उभे होते.

"हे तर आयटीआयची पोरंही करतात," काका म्हणाले.

"मीही आयटीआयचीच, काका."

साहेब हसले नाहीत. "आता खरं काम. पंप हाउसला या."

थंड पाण्याचा पंप, पंधरा किलोवॉटची मोटर. वर्षात दोनदा जळाली होती. करंट जादा झाला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले दोन्ही वेळा ट्रिप झालाच नाही. रिवाइंडिंगवाल्याने म्हटलं तांब्याचा दोष, काकांनी म्हटलं पंप जाम झाला.

"पॅनल चालू आहे," मेगर म्हणाली. "चालू पॅनलवर काम करायचं परमिट आहे का?"

काका म्हणाले, "नुसतं बघायचंय, हात कुठे लावायचाय?"

"बघतानाच लागतो."

साहेबांनी परमिटवर सही करून दिली. तिने हातमोजे चढवले आणि आत डोकावली. रिलेची चकती अठ्ठावीसवर. नेमप्लेटवरही अठ्ठावीस अँपिअर. तिने दोनदा बघितलं, वायरींचा माग काढला.

"हा अठ्ठावीसवर कोणी ठेवला?"

"मी," काका पुढे आले. "नेमप्लेट वाच. वाचता येतं ना?"

"येतं. पण काका, रिले कुठे बसवलाय बघा. मेन कॉन्टॅक्टरच्या खाली, मोटरकडे जाणाऱ्या वायरीवर. डेल्टात तिथून फक्त वाइंडिंगचा करंट जातो, लाइनचा अख्खा जात नाही. अठ्ठावीसला झीरो पॉइंट पाच आठने गुणा. सोळा."

"पुस्तकातलं सांगू नकोस."

"मग मीटरचं ऐका." तिने क्लॅम्प मीटर आत येणाऱ्या वायरीवर लावला. चोवीस. तोच रिलेखालच्या वायरीवर लावला. चौदा. "लाइनला अठ्ठेचाळीस होईपर्यंत हा रिले झोपूनच राहणार. तोवर मोटरचा कोळसा."

काकांनी तिच्या हातातून मीटर घेतला आणि स्वतः लावून बघितला. चोवीस. चौदा. पुन्हा एकदा बघितलं. मग चष्मा कपाळावर सरकवला.

"वीस वर्षं मी नेमप्लेटच वाचत आलो," ते म्हणाले. "बाकीच्या पाच पॅनलांनाही तेच केलंय."

"मग ती आजच बघू या."

"आजच?" साहेब म्हणाले. "तुम्ही अजून नोकरीत नाही."

"मोटरींना ते ठाऊक नाही, साहेब."

आता काका हसले. जोरात. आणि त्यांनी स्वतःच पंप बंद करून, पॅनलला कुलूप घालून, चकती सोळावर फिरवली.

दुपारी तीनला ती तिघं मॅडमच्या खोलीत परत आली. मॅडमनी रकान्यावर बोट ठेवलं. साहेबांनी फॉर्म ओढून घेतला आणि त्या रिकाम्या जागेत लिहिलं: "अनुभव समक्ष तपासला. पंपाची मोटर दोनदा जळण्याचं कारण उमेदवाराने शोधलं." खाली सही केली. मग पेन काकांपुढे धरला. काकांनीही सही केली, आणि त्यांची सही साहेबांच्या सहीपेक्षा मोठी होती.

"असं चालतं का?" मॅडमनी विचारलं.

"ठेकेदाराने पाच वर्षं तिचं काम बघून लिहून दिलं नाही," साहेब म्हणाले. "आम्ही आज बघितलं, आम्ही देतो."

मॅडमनी शिक्का मारला. सोमवारी साडेसातला गेटवर, सुरक्षेचे बूट आणि हेल्मेट स्टोअरमधून मिळतील, असं त्यांनी सांगितलं.

"बुटात पाच नंबर आहे का?" मेगरने विचारलं.

मॅडमनी स्टोअरला फोन लावला. सातच्या खाली काही नव्हतं.

"मग आजच मागवा," ती म्हणाली. "सैल बुटात मी शिडी चढणार नाही."