लांब रेघेचा गुन्हा

माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं शिक्षण शहापुरातल्या एका छापखान्यात झालं, उभ्यानं. मी खिळे जुळवायचो. शिशाचं एकेक अक्षर खणातनं उचलायचं, पट्टीत उलटं लावायचं आणि ओळ घट्ट बसवायची. निपाणीच्या तंबाखूवाल्यांची लेबलं, लग्नपत्रिका, कीर्तनाच्या जाहिराती, आणि वर्षाकाठी दोन-तीन पुस्तकं. पुस्तक आलं की मी कुणाला हात लावू देत नव्हतो.

आमच्या खणात सरळ अवतरणचिन्ह नव्हतंच. स्वल्पविरामाचा खिळा उलटा फिरवला की उघडणारं चिन्ह तयार व्हायचं. म्हणजे बोलणं सुरू होताना एक वाकडं आणि संपताना दुसरं वाकडं. सरळ काड्यांसारखी चिन्हं मी पहिल्यांदा टाइपरायटरवर बघितली आणि मला ती मोडलेल्या दातांसारखी वाटली. लांब रेघेचा खिळा वेगळा, छोट्या जोडरेघेचा वेगळा. एकाच्या जागी दुसरा लावला तर मालक पान परत पाठवायचे.

हे सगळं सांगायचं कारण माझी नात. ती एम.ए.ला आहे. तिच्या आईचं माहेर वडगावातलं, घरात माग. त्यामुळं तिनं प्रकल्प घेतला तो साड्या विणणाऱ्या बायकांच्या बोलण्यावर. दुपारी माग बंद असायचे तेव्हा जाऊन बसायची, वहीत उतरून घ्यायची. मग सगळं फोनवर टाइप केलं. मी म्हणालो, "छापायच्या आधी मला दाव."

ती म्हणाली, "आज्जा, तुला एवढं वाचवतंय व्हय?"

"अक्षर कळतंय मला. अर्थ तुझा तू बघ."

तिनं कच्ची प्रत छापून आणली आणि चार दिवस मी तांबडं पेन घेऊन बसलो. तिच्या अवतरणांच्या सगळ्या सरळ काड्या वाकड्या केल्या. जिथं वाक्य मध्येच थांबून पुढं जातंय तिथं तिनं तोकडी जोडरेघ दिली होती, तिथं मी लांब रेघ मागितली. मग टिळकवाडीत एक बाई टायपिंगचं दुकान चालवतात, त्यांना मी आक्का म्हणतो, त्यांच्याकडून ते करून घेतलं. मथळे कॉलेजनंच दिलेल्या कागदावरून टाकले होते: प्रस्तावना, उद्दिष्टं, पद्धत. त्यात आमचं काही नव्हतं.

आठ दिवसांनी पोरगी घरी आली आणि चप्पल न काढता ओट्यावर बसली. प्रकल्प परत आला होता. पहिल्याच पानावर तिच्या सरांनी लिहिलं होतं: एआयनं लिहिलेलं दिसतं, लांब रेघा, गोल अवतरणं, आखीव मथळे, अमान्य. शनिवारपर्यंत नवीन दिला नाही तर वर्ष गेलं.

माझं डोकं फिरलं. त्या रेघा माझ्या होत्या! माझ्या पेनच्या होत्या. पन्नास वर्षं ज्या चिन्हासाठी मालकांच्या शिव्या खाल्ल्या, ते चिन्ह आता चोरीचा पुरावा झालं, आणि भोगायचं कुणी तर माझ्या नातीनं.

"तुझ्यामुळं झालं सगळं," ती म्हणाली. मला तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी आक्कांच्या दुकानात गेलो. त्यांनी संगणकावर दोनदा जोडरेघ दाबून पुढं शब्द लिहिला. यंत्रानं आपोआप एक लांब रेघ करून टाकली. अवतरणाची कळ दाबली, चिन्ह वाकडं उमटलं. "अण्णा, ह्ये आपोआपच होतंय," त्या म्हणाल्या. "लोकांना म्हाईतबी नसतंय."

मी म्हणालो, "आता उलटं करा. त्या एआयकडनं मागांवर एक पान लिहून घ्या. आणि त्यातल्या रेघा, गोल चिन्हं, मथळे सगळं काढून टाका."

त्यांनी पान मागवलं. मग शोधा-बदला केलं, दोन मिनिटांत सगळ्या रेघा गेल्या, गोल चिन्हांच्या सरळ काड्या झाल्या, मथळे उडाले. मजकूर तोच राहिला. मी त्यांना दोन प्रती काढायला सांगितलं, एक आधीची आणि एक नंतरची.

कॉलेजात मी आणि नात दोघं गेलो. सर वयानं माझ्या मुलाएवढे. खुर्ची दिली, पाणी मागवलं, पण बोलणं तुटक. "आजोबा, ही यंत्रं अशाच रेघा टाकतात. आम्हाला ओळखायला शिकवलंय."

"ती कुठनं शिकली?" मी विचारलं. "माणसांनी छापलेल्या पुस्तकांतनं ना? त्या पुस्तकांत रेघा कुणी लावल्या? माझ्यासारख्यांनी."

मग मी तांबड्या पेनाची पानं टेबलावर ठेवली. सर बघून म्हणाले, "हे नंतरसुद्धा करता येतं."

राग आला, पण माणूस खरं बोलत होता. मी म्हणालो, "व्हय, येतं. मग हेच रेघांनाबी लागू करा, त्याबी नंतर घालता-काढता येतात." आणि रेघा काढलेलं पान पुढं सरकवलं. "हे कुणी लिहिलंय?"

त्यांनी वाचलं. "हे साधं आहे. विद्यार्थ्याचंच वाटतं."

"आणि एआयनं दिलं तसं हे," म्हणत मी दुसरी प्रत ठेवली. तोच मजकूर, त्यात रेघा, गोल चिन्हं, ठळक मथळे, सगळं जागच्या जागी. सरांनी दोन्ही पानं शेजारी ठेवून ओळीला ओळ लावून बघितली. नात खाली बघत होती, मी मात्र त्यांच्याकडंच बघत होतो.

"मग मी ओळखायचं कसं?" त्यांनी शेवटी विचारलं. चिडूनच, पण खरोखर विचारलं.

"कागद बघून न्हाई. ही समोर बसलीय की. हिला विचारा."

त्यांनी मला बाहेर थांबायला सांगितलं. मी दारातच थांबलो. त्यांनी तिच्या वह्या मागितल्या, फोनवरचा जुना मजकूर बघितला, मग कुठलंही पान उघडून विचारत राहिले. ही बाई असं का म्हणाली? हा शब्द आधी कुणाकडून ऐकला? एका ठिकाणी पोरगी म्हणाली, "सर, हे मी चुकीचं लिहिलंय. नंतर दुसऱ्या आज्जीनं वेगळं सांगितलं, ते घालायचं राहिलं." तासाभरानं दोघं बाहेर आले. तोंडी परीक्षा झाली आणि प्रकल्प मान्य, असं सर म्हणाले. माफी काही मागितली नाही. उलट म्हणाले, "बाहेरचे परीक्षक येतील. तेवढ्या रेघा काढून टाका. उगाच शंका नको."

"एक रेघ निघणार न्हाई!" मी ओरडलोच. शिपाई बघायला आला.

नातीनं माझा हात दाबला. "आज्जा, प्रकल्प माझा हाय. मी ठरवते." आणि सरांना शांतपणे म्हणाली, "सर, शंकेसाठी नाही काढणार. विचारलं तर मी उत्तर देईन."

शुक्रवारी ती आक्कांच्या दुकानात माझ्या शेजारी बसून पान पान बघत गेली. चुकलेला भाग नीट केला. मग एके ठिकाणी बोट ठेवलं. "ही रेघ हितं कशाला? ती बाई हितं थांबलीच न्हवती. एका दमात बोलली."

मी म्हणालो, "वाचणाऱ्याला दम घ्यायला नको?"

"न्हाई. तिनं घेतला न्हवता."

अशा तीन रेघा तिनं काढल्या. बाकी सगळ्या ठेवल्या. तिनातल्या दोन काढल्या ते मला पटलं. तिसरी तिथं हवीच होती, हे मी प्रकल्प बांधणीला देताना तिला सांगितलं, आजही सांगतो.