मेमरी शिल्लक असताना

तारापूरला सुट्टी शुक्रवारी असते. आमच्या जळगावकडच्या नातेवाइकांच्या हे अजूनही डोक्यात शिरत नाही. ते रविवारी सकाळी फोन करून विचारतात, "झोपलाय का अजून?" आणि मी तेव्हा कुणाच्या तरी टेबलाखाली घुसून वायर शोधत असतो. बोईसरजवळ सरावलीत भाड्याच्या खोलीत राहतो आणि एमआयडीसीतल्या एका औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या कंपनीत कंप्युटर सांभाळतो. सांभाळतो म्हणजे काय, तर कुणाचंही काही अडलं की शिव्या माझ्या वाट्याला येतात.

ती मुलगी केळव्याची. वडिलांची पानवेलीची आणि नारळाची छोटी वाडी. पालघरच्या कॉलेजातून बीएस्सी होऊन आमच्या क्वालिटी लॅबमध्ये कंत्राटावर लागलेली. कंत्राट संपत आलं होतं आणि तिला कायम करायचं पत्र तयार होतंय, असं सगळे म्हणत होते. घरात नोकरीला लागलेली ती पहिलीच. पगाराच्या दिवशी ती सगळ्या लॅबला चहा पाजायची, मलाही. एवढं सरळ माणूस त्या लॅबमध्ये टिकेल की नाही याची मला तेव्हाही शंका होती.

तिचं काम असं. तयार मालाचा नमुना मशीनमध्ये सोडायचा, मग कंप्युटरच्या पडद्यावर त्याचा आलेख हळूहळू उमटतो आणि त्यावरून माल शुद्ध आहे का ते कळतं. एका नमुन्याला बराच वेळ लागतो. आलेख मधेच तुटला तर सगळं पहिल्यापासून. आणि आमच्या धंद्यात तुटलेला आलेख ही साधी गोष्ट नसते. तपासणीला येणारे लोक पहिला प्रश्न विचारतात, की निकाल वाईट येताना दिसला म्हणून तुम्हीच तो थांबवला नाही ना?

तिचे आलेख तुटायला लागले.

"दादा, या ना जरा. मेमरी नाय म्हनतो हा," तिने पुन्हा फोन केला. मी गेलो. पडद्यावर चौकोन आलेला होता, मेमरी संपली म्हणून. त्यावर ओके दाबल्याशिवाय पुढे काहीच हलत नव्हतं. ओके दाबलं की चालू असलेलं परीक्षण बंद पडायचं आणि प्रोग्रामच्या आपोआप होणाऱ्या नोंदीत लिहिलं जायचं, परीक्षण थांबवलं, आणि पुढे तिचं नाव. मशीन मेलं तरी मारणारा म्हणून माणसाचंच नाव लागायचं.

कोण किती मेमरी खातंय ते दाखवणारा टास्क मॅनेजर मी उघडला. सोळा जीबी रॅम, त्यातली निम्मी रिकामी. मला वैताग आला. चौकोन पहिल्यांदा आला तेव्हा क्वालिटीच्या साहेबांच्या सांगण्यावरून आठची सोळा मीच केली होती. त्याने एवढंच झालं, की चौकोन लवकर यायचा तो जरा उशिरा यायला लागला. रॅम वाढवली की सगळे आजार बरे होतात, ही बोईसरमधल्या प्रत्येक साहेबाची श्रद्धा आहे.

"रिकामी दिसते ना पन?" ती पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली.

दिसत होती. पण त्याच पानावर खाली दुसरा एक आकडा असतो, त्याच्याकडे सहसा कुणी बघत नाही. कमिटेड, म्हणजे देऊ केलेली मेमरी. तिथे लिहिलेलं होतं, पंधरा पॉइंट सात, भागिले पंधरा पॉइंट नऊ. ते वाचलं आणि माझं डोकं एकदम शांत झालं.

मी तिला कॅन्टीनच्या भाषेत सांगितलं. समज, कॅन्टीनवाला जेवढी ताटं देऊ शकतो तेवढीच कुपनं छापतो, एकही जास्त नाही. कुपन दिलं म्हणजे जेवण देण्याचा शब्द दिला. आता एक माणूस रोज येतो, कुपनं घेतो, जेवायला काही बसत नाही आणि कुपनंही परत करत नाही. टोपात भात तसाच पडून आहे, पण नव्या माणसाला कुपन मिळत नाही. विंडोजचं तसंच आहे. प्रोग्रामने मेमरी मागितली की ती वापरली जावो न जावो, तिचा शब्द दिला गेला. शब्दांची हद्द म्हणजे रॅम आणि डिस्कवरची पेजफाइल, दोन्ही मिळून. ती हद्द भरली की नकार, मग रॅम कितीही रिकामी असो.

"आनि पेजफाइल म्हंजे?"

"शेजारची खानावळ. सगळे एकदम जेवायला आलेच तर तिथून ताटं मागवता येतील, म्हणून कॅन्टीनवाला जास्त कुपनं देऊ शकतो. बहुतेक वेळा मागवावी लागतही नाहीत."

इथे ती खानावळच बंद होती. पावसाळ्याआधी जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवायला बाहेरचा एक माणूस आला होता. एसएसडीवर सारखं लिहिलं की ती झिजते, म्हणून पेजफाइल बंद करून टाकायची, ही या लोकांची रीतच आहे. इथल्या निम्म्या कारखान्यांत त्यांनी हा उद्योग करून ठेवलाय आणि वर मशीन फास्ट केलं म्हणून चहा पिऊन गेलेत. पेजफाइल शून्य म्हणजे शब्दांची हद्द जेमतेम रॅमएवढीच.

कुपनं खाणारा कोण, तेही सापडलं. टास्क मॅनेजरमध्ये तो आलेख काढणारा प्रोग्राम अगदी गरीब दिसत होता, कारण तिथे वापरातली मेमरी दिसते. मी कमिट साइजचा, म्हणजे घेतलेल्या कुपनांचा, रकाना उघडला तर एकट्याच्या नावावर नऊ जीबीच्या वर. प्रत्येक नमुन्याला तो आलेखासाठी नवी जागा मागायचा आणि काम झालं की सोडायचाच नाही. गळती. बहुधा पहिल्या दिवसापासूनची.

मग इतकी वर्षं का नाही दिसली? कारण शुक्रवार. गुरुवारी संध्याकाळी लॅब बंद करताना सगळे कंप्युटर बंद करायचे, ही आमच्याकडची जुनी पद्धत. प्रोग्राम बंद झाला की त्याने अडवलेलं सगळं मोकळं होतं. दर शनिवारी पाटी कोरी. या वर्षी परदेशातली ऑर्डर आली, लॅब सातही दिवस चालायला लागली आणि तो कंप्युटर कुणी बंदच केला नाही. वर पेजफाइल नाही. दोन्ही एकत्र आलं आणि माप भरलं. विंडोज स्वतःसुद्धा लिहून ठेवतं, मेमरीचा तुटवडा झाला, सर्वांत जास्त अमुक प्रोग्रामने घेतली. त्या नोंदींच्या वेळा मी तिच्या तुटलेल्या आलेखांशी लावून बघितल्या. सगळ्या जुळल्या.

मला खरं सांगायचं तर फार आनंद झाला. बऱ्याच दिवसांनी आपल्याला काहीतरी येतं असं वाटलं. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. तोवर लॅबमध्ये तिच्याविषयी कुजबुज सुरू झाली होती. तुटलेल्या आलेखांतला एक अर्धवट आलेख वाईट दिसत होता आणि पुन्हा केलेल्या परीक्षणात तोच माल पास झाला होता. ग्राहकाकडचे तपासणीला येणार होते. चौकशी लागली होती, पण अजून तरी सूर मवाळ होता. निष्काळजीपणा झाला, मुलगी नवीन आहे, समज द्या, पुन्हा ट्रेनिंग द्या.

मी सगळे पुरावे घेऊन क्वालिटीच्या साहेबांकडे गेलो. माणूस हुशार. मी अर्धं सांगेपर्यंत त्यांना सगळं समजलं. कॅन्टीन, कुपनं, काही लागलं नाही.

"म्हणजे हिची चूक नाही," ते म्हणाले.

"अजिबात नाही सर. पेजफाइल चालू करू, नक्की साइज देऊ. गळती त्याने थांबणार नाही, फक्त लांबेल. म्हणून आठवड्यातून एकदा रीस्टार्ट. आणि प्रोग्राम ज्यांनी बनवला त्यांच्याकडून दुरुस्ती मागवू."

त्यांनी नोंदींचा कागद पुन्हा वरून खाली वाचला. मग म्हणाले, "ही गळती कधीपासून आहे?"

"पहिल्यापासूनच असणार."

"त्या प्रोग्रामवर आपण आजवर पास केलेला सगळा माल?"

मी सांगितलं, की जे आलेख पूर्ण झाले ते बरोबरच आहेत, मेमरी मिळाली नाही तर परीक्षण थांबतं, चुकीचा आकडा येत नाही. ते हसले. वाईट हसले असं नाही, दमलेल्या माणसासारखं हसले. "हे तू मला सांगतोयस. बाहेरून येणाऱ्याला हे सिद्ध करायचं तर मागचा सगळा माल पुन्हा उघडावा लागेल. प्लँट बंद राहील. किती घरं चालतात यावर, माहितीये ना?"

माहिती होतं. माझंही त्यातच होतं.

पेजफाइल चालू करायला लेखी परवानगी लागते. ती मिळाली नाही, कारण परवानगीच्या कागदावर कारण लिहावं लागलं असतं. गुरुवारी कंप्युटर बंद करून पुन्हा चालू करायचा, असा तोंडी निरोप लॅबला गेला. त्याने चौकोन यायचा थांबला. आणि चौकशी संपवायला आता कारण पक्कं हवं होतं. निष्काळजीपणा चालणार नव्हता. निष्काळजी माणूस म्हटलं की तपासणारा विचारतो, चौकोन कसला होता, दाखवा. तिने मुद्दाम थांबवलं म्हटलं की मशीनकडे कुणी बघत नाही. नोंदीत तिचं नाव होतंच.

मी भांडलो. खोटं कशाला सांगू, फार नाही भांडलो. आवाज चढवला, साहेबांनी दार लावायला सांगितलं, मी दार लावलं आणि मग आवाज खाली आला. एचआरने तिच्यापुढे दोन पर्याय ठेवले, बडतर्फी नाहीतर राजीनामा, आणि तिने राजीनामा दिला. लॅबमधलं कुणी तिच्याकडे बघतसुद्धा नव्हतं. चहा प्यायलेले सगळे.

गेटवर कार्ड जमा करून ती बाहेर आली तेव्हा मी मुद्दाम तिथे थांबलो होतो. स्टेशनकडे जाणाऱ्या रिक्षा भरून जात होत्या. केमिकलचा तो नेहमीचा उग्र वास सुटला होता. "मी त्यांना सगळं दाखवलं," मी म्हणालो. "त्यांना पटलंसुद्धा."

"माहीत हाय मला," ती म्हणाली. "सायेब बोलले." मग तिने ओढणी सारखी केली आणि विचारलं, अगदी साधेपणाने, रस्ता विचारावा तसं. "दादा, तुमी शोधलं नसतं, तर मला नुसती समज देऊन ठेवली असती ना त्यांनी?"

रिक्षा येऊन थांबली. मागच्या सीटवर एक जागा होती.

"हो," मी म्हणालो.