नोइंग का नाही?

खोपोलीत मी संध्याकाळी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेते. साजगावच्या कारखान्यांतली शिफ्ट सुटली की मुलंमुली डब्याची पिशवी घेऊनच येतात. शुक्रवारी खोटी मुलाखत असते. एकाने उमेदवार व्हायचं, बाकीच्यांनी साहेब. माझा मंत्र एकच: काहीही विचारलं तरी ‘येतं’ म्हणायचं. नाही म्हणणाऱ्याला कोण घेतो?

पॅकिंगला उभ्याने काम करणारी एक मुलगी त्याच कारखान्याच्या ऑफिसातल्या जागेसाठी तयारी करत होती. संध्याकाळपर्यंत तिचे पाय सुजलेले असत, आणि त्या जागेवरचं काम बसून करायचं होतं. त्या शुक्रवारी ती म्हणाली, “आय अ‍ॅम नोइंग कॉम्प्युटर. आय अ‍ॅम वॉन्टिंग धिस जॉब.” वर्ग फिदीफिदी हसला.

रविवारी तिची ईमेल आली. “मॅडम, नो आणि वॉन्टला आयएनजी का चालत नाही? पाठ कर म्हणू नका. पाठ केलेलं घाबरल्यावर पळून जातं. कारण कळलं तर राहील. बुधवारी मुलाखत आहे.”

मी आधी चिडलेच. याचं तयार उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि मास्तरणीला ते आवडत नाही. चहा दोनदा गरम केला आणि मग लिहिलं:

“भाकरी थापणं सुरू होतं, चालू राहतं, मध्येच थांबवता येतं. अशा कामाला आयएनजी. माहीत असणं मध्येच थांबवता येतं का? ते चालू नसतं, ते फक्त असतं. हवं असणंही तसंच. आपण ‘माहीत आहे’, ‘हवं आहे’ म्हणतो, तो ‘आहे’ तुला अ‍ॅमकडे ओढतो. शिवाय मराठीत ‘मला कळतंय’ चालतं, म्हणून अंडरस्टँडिंगही तोंडात येतं. काही शब्द दोन्हीकडचे असतात: मत असेल तर थिंक, विचार चालू असेल तर थिंकिंग.”

बुधवारी ती थेट वर्गावर आली.

“एक्सेल येतं का विचारलं, मॅडम.”

“मग येतं म्हणालीस ना?”

“नाय. आय डोंट नो एक्सेल, आय अ‍ॅम लर्निंग इट, असं म्हणाले.”

मी कपाळाला हात लावला. “अगं, हातची जागा घालवलीस की.”

“तुमीच लिहिलंत ना मॅडम. माहीत असणं नाय माझ्याकडे, शिकणं चालू हाय. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातली ताई दाखवते. खोटं कसं बोलू? साहेब म्हणाले, उरलेलं आमी शिकवू, एक तारखेपासून या.”

मला हसू आलं आणि डोळेही भरले. इंग्रजी खरं बोलायलाही उपयोगी पडतं, हे मी वर्गात कधी सांगितलंच नव्हतं.