अण्णाचा जनरेटर आणि करंजाचं डिझेल

आमच्या अण्णाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, सरकारी ऑफिसातली कारकुनी सोडून जुना डिझेल जनरेटर विकत घेतला, तेव्हा घरात कोणी त्याच्याशी धड बोलत नव्हतं. अपवाद माझा. मी बोलत होते, पण भांडायलाच. तो ठोकळा एका लहान लॉरीवर बसवून अण्णा जे. पी. नगरातल्या एका कल्याणमंटपात लग्नाला वीज पुरवायचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी बंगळूरची वीज दिवसातून कितीदा जाईल याचा नेम नव्हता, त्यामुळे ते लग्नाचं कार्यालय जवळजवळ अण्णाच्या भरवशावर चाले आणि अण्णा त्या कार्यालयाच्या.

अडचण होती धुराची. जनरेटर मागच्या अंगणात उभा राही आणि कुंपणापलीकडे एका निवृत्त मुख्याध्यापिकांचं घर होतं. त्यांच्या पांढऱ्या सुती साड्या दोरीवर वाळत असत. स्वयंपाकघरातले ग्राइंडर, पंखे, माईक असा सगळा भार एकदम पडला की आमचं यंत्र काळा लोट सोडायचं, आणि त्या बाई हातात साडी घेऊन कार्यालयाच्या मालकांसमोर उभ्या राहायच्या. पोरांच्या वहीत चूक दाखवावी तसं काजळीचा एकेक डाग दाखवायच्या. शेवटी मालकांनी अण्णाला कानडीत स्पष्ट सांगितलं, "हे एक लग्न बघतो. पुन्हा धूर तिकडे गेला तर दुसऱ्या पार्टीचा नवा जनरेटर आणतो. सरी?"

अण्णा "सरी", म्हणजे ठीक आहे, म्हणून घरी आला आणि जेवला नाही. ते कार्यालय गेलं असतं तर धंदा गेला असता, आणि ऑफिसचं दार तर त्याने स्वतःच मागे लावून घेतलं होतं. माझा भाऊ बढाईखोर आहे, हट्टी आहे, पण ताटावरून उठणारा नाही. मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

मी तेव्हा एका इंजिनिअरिंग कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. आमच्याकडे करंजाच्या तेलावर प्रयोग चालले होते. करंज म्हणजे इथला होंगे. होसकोट्याकडे शेतांच्या बांधांवर ही झाडं भरपूर, आणि तिथल्या एका तेलगिरणीतून आम्ही तेल आणायचो. अण्णाला हे कळल्यावर त्याचा चेहरा उजळला.

"मग तेच ओतू की टाकीत. तेल ते तेल."

"ओत. आणि मग इंजिनाला हार घाल," मी म्हटलं. "तेल डिझेलपेक्षा कितीतरी दाट असतं. नोझलमधून त्याचा बारीक फवारा उडत नाही. अर्धवट जळतं, नोझलच्या तोंडावर कोळसा धरतं आणि इंजिन ऑइलही खराब करतं. आधी ते पातळ करून घ्यावं लागतं."

हे पातळ करणं म्हणजे पाणी घालणं नव्हे. तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून, गरम करून ढवळत राहायचं. तेलाचे मोठे रेणू तुटतात, खाली तपकिरी ग्लिसरीन बसतं आणि वर जे तरतं ते बायोडिझेल. ऐकायला सोपं. आमचा पहिला घाणा मात्र साबण निघाला. गिरणीतलं तेल जुनं होतं, त्यात आम्ल फार वाढलेलं, आणि आम्ल व कॉस्टिक सोडा भेटले की साबणच होणार. वैनीने त्या लगद्याने दोन पातेली घासून पाहिली आणि वास येतो म्हणून तो परत माझ्याच हातात दिला. दुसऱ्या खेपेला मी आधी थोडं सल्फ्युरिक ॲसिड आणि मिथेनॉल वापरून ते आम्ल उतरवलं, मगच कॉस्टिकच्या वाटेला गेले. वरचं बायोडिझेल काढून कोमट पाण्याने हलक्या हाताने धुतलं, गरम करून त्यातलं पाणी घालवलं, तेव्हा कुठे मधासारख्या रंगाचं, पण मधासारखं दाट नसलेलं काहीतरी हाती लागलं. कॉलेजच्या इंजिनावर चार भाग डिझेल आणि एक भाग हे, असं मिश्रण चालवलं. धुराड्यातला धूर ज्यातून ओढून घ्यायचो तो पांढरा कागद आधी काळा व्हायचा, तो आता करडा झाला.

आमचे विभागप्रमुख सावध गृहस्थ. त्यांनी बायोडिझेलचे कॅन न्यायला परवानगी दिली, पण मला बजावलं की जादूची भाषा करू नकोस. खरंच होतं. या इंधनात स्वतःचाच थोडा ऑक्सिजन असतो, म्हणून ते जास्त पुरतं जळतं आणि काजळी कमी होते. पण ताकद वाढत नाही, इंधन किंचित जास्तच लागतं आणि धुरातले सगळेच वायू काही कमी होत नाहीत. अण्णाने यातलं फक्त काजळीचं ऐकलं.

एका गोष्टीवरून मात्र आमचं कडाक्याचं वाजलं. बायोडिझेल जुना मळ सोडवतं. वर्षानुवर्षं टाकीच्या तळाला धरलेला गाळ ते सुटा करतं आणि तो थेट फिल्टरमध्ये जाऊन बसतो. म्हणून मी म्हटलं, टाकी रिकामी कर, धू, मग भर. अण्णाने कानांवर हात ठेवले. आयुधपूजेला तो टाकी काठोकाठ भरून यंत्राला हळदकुंकू, झेंडू आणि वर फोडलेला कोहळा असं साग्रसंगीत पूजन करायचा. त्या दिवशी भरलेली टाकी पुढच्या पूजेपर्यंत रिती होऊ द्यायची नाही, ती अर्धी झाली की वरून भरत राहायचं, ही त्याची रीत. आमच्या घरात धान्याचा डबा असाच ठेवतात, तिथून ती थेट डिझेलपर्यंत पोचली होती. दरवर्षी पूजा आणि दरवर्षी वरून भर, त्यामुळे घेतल्यापासून त्या टाकीचा तळ कोणी पाहिलाच नव्हता.

"लक्ष्मी रिती करून लग्नाला जाऊ?" तो म्हणाला.

मी दार आपटून निघून गेले. वैनीने मध्ये पडून एवढंच कबूल करून घेतलं की एक नवा फिल्टर बरोबर ठेवायचा.

लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही मागच्या अंगणात स्वच्छ पिंपात मिश्रण केलं. आधी डिझेल, त्यावर बायोडिझेल. ते डिझेलपेक्षा जरासं जड असतं, वरून ओतलं की खाली उतरता उतरता मिसळतं. उलट केलं तर खालीच बसून राहायची भीती. तरी मी लाकडी दांड्याने ढवळलं, आणि केळीची पानं पुसत बसलेला आचारी माझ्याकडे आपली जागा घ्यायला आल्यासारखं पाहत होता. अण्णाने त्यातलं बरंचसं टाकीत ओतलं, आधीच्या अर्ध्या डिझेलवर. उरलेलं पिंपात राहिलं.

वीज गेली ती नेमकी मुहूर्ताच्या आधी. अण्णाने यंत्र सुरू केलं. धुराड्यावर विरळ करड्या धुराची एक रेघ, आणि वास भजी तळल्यासारखा. अण्णा माझ्याकडे बघून हसला. मालक बाहेर आले, वर पाहिलं आणि परत आत गेले. मला वाटलं, जिंकलो.

थोड्या वेळाने यंत्र खोकलं. आवाज खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला आणि बंद पडला. आत माईक गेला, पंखे थांबले. नादस्वरवाल्यांना विजेची गरज नव्हती, त्यांनी उलट जोर केला, आणि भटजींनी मंत्र असे खणखणीत आवाजात सुरू केले की माईक त्यांना इतकी वर्षं का दिला असा प्रश्न पडावा. मालक मात्र मागच्या दाराशी आले.

"हे तेलाचे प्रयोग माझ्याच कार्यालयात करायचे होते?"

अण्णाने फिल्टर उघडला. आत काळा, चिकट गाळ, पावसाळ्यातल्या मोरीत असतो तसा.  तो नवा फिल्टर घेऊन बसवायला लागला. मी त्याचा हात धरला.

"हा एकच आहे. त्याच टाकीवर लावलास तर तोही तसाच भरेल. मग काय करशील?"

"मग काय करू? तूच सांग."

"टाकी सोड. पिंपातून घे."

त्याला कळलं. पिंपातलं मिश्रण स्वच्छ होतं, पिंपही धुतलेलं. पण याचा अर्थ ज्या टाकीपुढे तो दरवर्षी हात जोडायचा, तिला नळीपासून तोडायचं. मालक उभे, आत मंगळसूत्राची वेळ, आणि माझा भाऊ त्या टाकीकडे बघत उभा. मी ओरडणार होते. ओरडले नाही, कारण त्याचे ओठ हलत होते. त्याने टाकीला हात लावून तो कपाळाला लावला आणि पाना उचलला.

नवा फिल्टर बसला. पिंप आम्ही दोघांनी लॉरीच्या पाट्यावर, पंपापेक्षा उंच चढवलं. आत जाणारी नळी त्यात सोडली, इंजिनातून परत येणारं इंधन वाहून आणणारी नळीही त्यातच. नळीत शिरलेली हवा काढायला फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून अण्णा हातपंप दाबत राहिला. आधी नुसते बुडबुडे, मग फेस, मग सलग धार. त्याने स्क्रू आवळला आणि चावी फिरवली. यंत्र लागलं. आतून अक्षतांचा गलका आणि पंखे एकदमच सुरू झाले.

त्यानंतर ते थांबलं नाही. ग्राइंडर फिरू लागले, पहिली पंगत बसली, भार वाढला, तरी धुराड्यावरची रेघ विरळच राहिली. अण्णा यंत्रापासून हलत नव्हता आणि मी त्याच्यापासून.

मग मागचं फाटक वाजलं. मुख्याध्यापिकाबाई होत्या, हातात घडी केलेली पांढरी साडी. मालकांचा चेहरा पडला. अण्णा तर माझ्या मागेच सरकला. बाईंनी घडी उलगडली, मालकांसमोर दोन्ही हातांनी धरली आणि पदरापासून काठापर्यंत आम्हाला दाखवली. कुठे काही नव्हतं.

"सकाळपासून वाळत घातली होती," त्या म्हणाल्या. "मुद्दाम. डाग पडला की तुम्हालाच धुवायला देणार होते." मग धुराड्याकडे बघून नाक वर करत म्हणाल्या, "पण हे काय तळताय? मला भूक लागली."

मालक हसले. मी त्यांना त्याआधी कधी हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी बाईंना स्वतः आत नेऊन दुसऱ्या पंगतीत बसवलं आणि परत आले. अण्णा हाताला काजळी, कपाळाला घाम अशा अवस्थेत उभा होता.  

"पुढचं लग्न गुरुवारी आहे," मालक म्हणाले. "टाकी धुऊन आण."

एवढंच बोलून ते आत गेले. अण्णाने हातातलं फडकं घेतलं आणि जनरेटरची एक बाजू पुसू लागला, जी सकाळीच त्याने चकचकीत केली होती. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"स्वल्प थांब," तो माझ्याकडे न वळता म्हणाला. "डोळ्यात धूर गेलाय."

मी वर पाहिलं. डोळ्यात जाण्याइतका धूर तिथे नव्हता.