बाळसं नव्हे, सूज

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला बालरोगाची पोस्टिंग लागली तेव्हा आमची तुकडी तासगावकडच्या एका गावात जात असे. बेदाण्याचा हंगाम होता. शेडच्या जाळ्यांवर द्राक्षं पसरलेली, आणि शेडच्या मागं पत्र्याच्या खोल्यांत कामाला आलेली कुटुंबं. ही माणसं जत भागातली, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं त्यांना परकं म्हणणारे पुष्कळ भेटले.

तिथं एका खोलीच्या दारात अडीच वर्षांची एक मुलगी बसली होती. गाल फुगलेले, पाय गुबगुबीत. शेडचे मालक तिच्याकडं बोट दाखवून म्हणाले, "बघा, आमच्याकडची पोरं कशी बाळसेदार हायती. खायाला काय कमी न्हाई."

मुलगी मात्र हलत नव्हती. तोंडावर माशी बसली तरी हात उचलत नव्हती. डोक्यावर विरळ, तांबूस केस, ओढले तर सहज हातात येतील असे. मांडीवरची कातडी काळी पडून जुन्या रंगाचे पोपडे सुटावेत तशी निघत होती. मी तिच्या दोन्ही पावलांवर अंगठा थोडा वेळ दाबून धरला. काढला तेव्हा दोन्हीकडं खड्डा राहिला, भरून येईना.

आईच्या मांडीवर तान्हं बाळ होतं. मी विचारलं, "हिला अंगावर पाजणं कधी बंद केलं?"

"ह्यो पोटात ऱ्हायला तवाच," आई म्हणाली. "आता च्या-भाकरी खाती. पर आठ-पंधरा दिस झालं, तेबी नगं म्हनती."

"कुठं दाखवलं का?"

"दाखवलं की. वजन बरं हाय म्हनले. सुजंवर गोळी दिली, लगवीची."

माझी कानशिलं तापली. वजन बरं होतं, कारण त्यात पाणी मोजलं गेलं होतं. दोन्ही पायांना अशी सूज असेल तर काटा काहीही सांगो, ते मूल तीव्र कुपोषित धरायचं, हे आम्हाला पहिल्याच तासाला शिकवलेलं. आणि या सुजेवर लघवीची गोळी द्यायची नसते. या दुखण्याचं नाव क्वाशिओरकर. हा शब्दच मुळी घानामधल्या एका भाषेतला आहे. पाठचं भावंड आल्यावर दुधावरून तुटलेल्या मुलाचं दुखणं, असा त्याचा अर्थ. समोर अर्थ बसला होता आणि त्याला बाळसं म्हणत होते.

तुकडीबरोबर आलेल्या आमच्या शिकवणाऱ्या मॅडमनी त्याच दुपारी तिला सांगलीच्या पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करवलं. योगायोगानं वॉर्डची पाळीही माझी होती.

तिच्या शेजारच्या खाटेवर नऊ महिन्यांचा एक मुलगा होता. त्याची आई कुपवाडच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची. बाळंतपणानंतर लगेच कामावर बोलावलं, बाळाला ठेवायला जागा नाही, म्हणून बाटली. दूध पुरवायला त्यात पाणी, मग जुलाब, मग आणखी पाणी. त्याचं तोंड म्हाताऱ्यासारखं झालं होतं. बरगड्या उघड्या, ढुंगणावरची कातडी ढगळ चड्डीसारखी लोंबत होती. दंडाचा घेर मोजायची पट्टी लाल रंगावर, म्हणजे धोक्यात. सूज कुठंच नाही. पण डोळे जागे होते. वाटी दिसली की तो हात पुढं करी. हे मरास्मस, तीव्र कुपोषणाचा दुसरा, सुकवणारा प्रकार. एक मूल भुकेनं रडायचं, दुसरं भूकच विसरलं होतं.

पुस्तकात दोघांच्या फरकाचा तक्ता असतो. एकीकडं प्रथिनं कमी, दुसरीकडं सगळंच कमी, असं आम्ही घोकतो. खरं तर ती सूज नेमकी कशानं येते हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. पण तक्त्यात चहा नसतो, पत्र्याची खोली नसते, कामावर परत बोलावणारा मुकादम नसतो.

सुरुवातीचं खाणं दोघांचं सारखंच. दूध, साखर आणि तेलाचं हलकं मिश्रण, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडं थोडं, वाटी-चमच्यानं. सुजलेल्या मुलीला मापानं आणखी कमी. तिनं तोंड मिटलं तर नाकातल्या नळीनं. अंग गार पडू द्यायचं नाही, रक्तातली साखर बघायची, जंतुसंसर्गाचं औषध चालू. लोह एवढ्यात नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी मुलीचं वजन उतरलं. नेमके तेव्हाच मालक तिच्या बापाला घेऊन आले. हातात प्रोटीन पावडरचा डबा आणि उकडलेली अंडी.

"दवाखान्यात आणून पोर वाळवली," मालक म्हणाले. "तुमी पाणी पाजताय निस्तं. ह्ये चारा तिला. न्हाईतर आमी घिऊन जातो. हंगाम चाललाय, हिची आई हिकडं बसून कसं चालंल?"

शेवटचं वाक्य खरं होतं, बाकी सगळं त्याच्यावरचं पांघरूण. माझा आवाज चढला. "काका, तिचं यकृत आणि आतडी आत्ता एवढं पेलणार नाहीत. एकदम भरपूर खायला घातलं तर मूल दगावतं. अंडी तिला देऊच, पण वेळ आल्यावर. वजन उतरलं ते पाणी उतरलं म्हणून. तुम्ही बघा."

मी बापाचा हात धरून मुलीच्या पावलावर ठेवला. त्यानं हळूच दाबलं. खड्डा जेमतेम उमटला आणि भरला. त्यानं मालकांच्या हातातला डबा घेऊन खाली ठेवला.

आईच बोलली. "मालक, पोर माझी हाय. मी न्हाई येत. तुमी दुसरी बाई बघा."

मालकांनी बघितलीही; बाप तेवढा शेडवर कामाला राहिला.

दोन-तीन दिवसांनी मुलीनं चमचा स्वतःकडं ओढला. भूक परतली, तसं ताकदीचं मिश्रण सुरू केलं, मग मऊ वरण-भात, तेल घालून, अंडं कुस्करून. वजन वाढायला लागल्यावर लोह. एका सकाळी तिनं मला चापट मारली. आम्ही सगळ्या हसलो.

घरी सोडायची वेळ आली तेव्हा मी गावच्या अंगणवाडीत गेले. सेविका चांगली होती, पण हात वर करून म्हणाली, "ताई, त्यांची नावं आमच्याकडं न्हाईत. आहार पटावरच्या पोरांपुरताच येतो. मी कुनाच्या तोंडातला काढू?"

मॅडम मला घेऊन अंगणवाड्यांच्या वरच्या कार्यालयात गेल्या. तिथल्या बाई फाइल चाळत म्हणाल्या, "हंगाम संपला की ते जाणारच आहेत."

"म्हणजे तोपर्यंत त्या मुलीनं जेवू नये?" मॅडमनी विचारलं. "स्थलांतरित मुलाला ते राहतं तिथं आहार द्यायचा असतो. तुम्ही फोन लावा, मी बसते."

मॅडम एरवी कुणाला मोठ्यानं बोलत नसत. त्या दुपारभर बसल्या. संध्याकाळी मुलीचं नाव पटावर आलं, आणि सेविकेनं मागून शेडवरच्या आणखी पोरांची नावं घातली. पुढचे काही आठवडे आम्ही शेडवर जात होतो. दाण्याचा कूट, तेल, डाळ, अंडं यांतलं काय भाकरीत कसं कुस्करायचं, दिवसातून किती वेळा भरवायचं, हे आई आता शेजारणींना सांगत होती.

कुपवाडचा मुलगाही भरला. त्याच्या आईचं काम मात्र गेलं. रजा तिला कुणी दिलीच नव्हती.

परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला या दोन्ही दुखण्यांतला फरक विचारला. मी सूज, कातडी, केस, भूक सगळं सांगितलं. मग म्हणाले, "प्रतिबंध?" मी पाळणाघर आणि बाळंतपणाची पगारी रजा इथून सुरुवात केली. ते म्हणाले, "अभ्यासक्रमातलं सांगा." मी म्हटलं, "सर, हे अभ्यासक्रमातलंच असायला हवं." मार्क दिले त्यांनी, थोडे कमी.

कुटुंब जतकडं परतलं. मॅडमनी तिथल्या सेविकेला आधीच कळवून ठेवलं होतं. तिनं मुलीला बघून फोन केला: सूज नाही, वजन वाढतंय, केस काळे येतायत. माझा राग मात्र अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.